एक वाक्य, नऊ वेळा

«माझं माहेर कवळे मठाचं, शंकराचार्यांना मानणारं; सासर पर्तगाळी मठाचं, मध्वाचार्यांना मानणारं. वीस वर्षांत त्यावरून कधी अडलं नाही. यंदा चवथीला सगळे जमले होते तेव्हा पुण्याला संस्कृत शिकणारा माझा मुलगा म्हणाला, ‘तत्त्वमसि’चा अर्थ ‘ते तू आहेस’ असा नाही, आणि आजोबा सांगतात तसा ‘ते तू नाहीस’ असाही नाही. तेव्हापासून सासरे त्याच्याशी धड बोलत नाहीत. आमच्या वाचनमंडळात पुढच्या महिन्यात नेमका हाच भाग माझ्या वाट्याला आलाय. पंधरा-वीस बायका असतात, दोन्हीकडच्या. मी कोणता अर्थ खरा म्हणून सांगू?» — एक वाचक, फोंडा

ताई, आधी वाक्य पुरं समोर ठेवू. भांडण नेहमी त्याच्या शेपटावर होतं आणि त्याआधीचं कुणी वाचलेलं नसतं. छांदोग्योपनिषदाच्या सहाव्या प्रपाठकात, आठव्या खंडाच्या शेवटी ते असं आहे: «स य एषोऽणिमैतदात्म्यमिदं सर्वं तत्सत्यं स आत्मा तत्त्वमसि श्वेतकेतो.» म्हणजे साधारण असं की, हे जे सूक्ष्म आहे, तेच या सगळ्याचं स्वरूप, ते सत्य, तो आत्मा, आणि मग ‘तत्त्वमसि, श्वेतकेतो’. बोलतोय उद्दालक आरुणी, ऐकतोय त्याचा मुलगा. हा मुलगा बाराव्या वर्षी गुरूकडे गेला आणि चोविसाव्या वर्षी सगळे वेद शिकून, स्वतःला शहाणा समजत घरी आला. तुमच्या घराशी काही साम्य वाटलं तर त्यात माझा हात नाही.

हेच वाक्य प्रपाठक संपेपर्यंत नऊ वेळा येतं. प्रत्येक वेळी दाखला नवा, शेवट तोच. हा नऊचा आकडा ध्यानात असू द्या, आपल्याला त्याच्याकडे परत यायचं आहे.

तुमच्या सासऱ्यांपासून सुरुवात करते, कारण त्यांच्यावर सगळ्यात जास्त अन्याय होतो. मी नवीन नवीन शिकवायला लागले तेव्हा वर्गात फळ्यावर ‘तत् त्वम् असि = ते तू आहेस’ असं लिहिलं. मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, «बाई, आमच्या घरी ‘अतत्’ म्हणतात.» मी त्याला खाली बसवलं. मला वाटलं, पोरानं कुठंतरी अर्धवट ऐकलंय. घरी येऊन पुस्तक उघडलं तेव्हा कळलं की अर्धवट माझंच होतं.

संधी करून बघा. ‘आत्मा’ पुढे ‘तत्’ ठेवलं तर ‘आत्मातत्’ होतं. ‘आत्मा’ पुढे ‘अतत्’ ठेवलं, तर आ आणि अ मिळून आ, म्हणजे पुन्हा ‘आत्मातत्’च. जुन्या पोथीत शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते, त्यामुळे अक्षरं पाहून हा वाद सुटत नाही. तेराव्या शतकात मध्वाचार्यांनी तिथे ‘अतत् त्वम् असि’ असा विग्रह केला: तू ते नाहीस. हे हातचलाखी म्हणून सोडून देणारे बरेच भेटतात. पण मध्वांचा खरा जोर विग्रहावर नाही, दाखल्यांवर आहे. ते म्हणतात, उद्दालकाने दिलेले दाखले एकेक करून बघा. दोरीला बांधलेला पक्षी आहे, पण पक्षी आणि दोरी एक नव्हेत. नद्या समुद्राला मिळतात, पण नदी आणि समुद्र वेगळे. पाण्यात मीठ आहे, पण मीठ म्हणजे पाणी नव्हे. शेवटी चोर आहे, आणि चोर म्हणजे चोरलेली वस्तू नव्हे. बाप जर ‘तू आणि ते एकच’ हे शिकवत असता, तर त्याने नऊच्या नऊ दाखले दोन वेगळ्या वस्तूंचे का निवडले असते? शिवाय ‘तत्’ तसंच ठेवूनही माध्व परंपरा वाक्य लावते: तू त्याच्या अधीन आहेस, किंवा त्याच्यासारखा आहेस. तेव्हा ‘अतत्’ पडलं की सगळं मत पडलं, असंही होत नाही.

आता माहेरची बाजू. हाच नद्यांचा दाखला शांकर परंपरेत उलट्या टोकाने उभा राहतो, कारण तिथे मूळ शब्द आहेत ‘समुद्र एव भवति’, तो समुद्रच होतो. आणि नद्यांना तिथे कळत नाही की ‘ही मी, ही मी’. मिरामारच्या वाळूत उभं राहून समोरच्या पाण्यात मांडवी कुठली आणि जुवारी कुठली ते कोण दाखवील? शांकर वाचन म्हणतं, वेगळेपण नावापुरतं होतं, ते गेलं. माध्व वाचन म्हणतं, नदीला कळत नाही एवढंच श्रुतीने सांगितलंय. न कळणं आणि नसणं यांत फरक आहे. आणि गंमत अशी की दोघेही त्याच ओळीवर बोट ठेवून बोलत असतात.

‘ते’ आणि ‘तू’ एकच कसे, ईश्वर कुठे आणि शाळेतून आलेला पोर कुठे, ही अडचण शांकर परंपरेलाही दिसते. त्यावर त्यांचा ठरलेला दाखला आहे: ‘सोऽयं देवदत्तः’, तो हा देवदत्त. काल तिकडे पाहिलेला आणि आज इकडे दिसणारा, यांतलं ‘काल-तिकडे’ आणि ‘आज-इकडे’ सोडून द्यायचं आणि माणूस तेवढा धरायचा. तसंच ‘ते’मधलं सर्वज्ञपण आणि ‘तू’मधलं अल्पज्ञपण सोडलं की चैतन्य उरतं, आणि ते एकच. ‘तत्त्वमसि’ला महावाक्य म्हणतात ते या वाचनामुळे.

इथवर दोघे एकमेकांचे प्रतिपक्षी दिसतात, पण पद्धत दोघांची एकच आहे, आणि तुमच्या मंडळात सांगण्यासारखी पहिली गोष्ट हीच. दोघेही श्रुती म्हणजे एकच अखंड बोलणं असं धरून चालतात. एका ठिकाणी संदिग्ध असलं तर दुसऱ्या ठिकाणावरून अर्थ लावायचा. ब्रह्मसूत्रांत चौथंच सूत्र आहे ‘तत्तु समन्वयात्’. सगळ्या वाक्यांचा मेळ घातला की ती ब्रह्मच सांगतात. तात्पर्य कसं ठरवायचं याच्या सहा खुणाही ठरलेल्या आहेत. सुरुवात आणि शेवट जुळतात का, ही एक. ‘अभ्यास’ ही दुसरी: शास्त्र एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत असेल तर तीच त्याला सांगायची आहे. बाकीच्या चार इथे नकोत. अभ्यासाचं उदाहरण म्हणून वेदान्ताच्या पाठांत ‘तत्त्वमसि’च देतात. नऊ वेळा सांगितलं, अर्थात तेच तात्पर्य.

आता तुमच्या मुलाकडे येऊ. तो जे बोलला ते त्याच्या मनाचं नाही. अमेरिकन संस्कृतज्ञ जोएल ब्रेरेटन यांनी १९८६ मध्ये या एकाच वाक्यावर एक लेख लिहिला, आणि पुढे उपनिषदांचं इंग्रजी भाषांतर करताना पॅट्रिक ऑलिव्हेल यांनी तोच अर्थ घेतला. ब्रेरेटन यांचा पहिला मुद्दा व्याकरणाचा आहे आणि मराठीत तो पटकन कळतो, कारण आपल्याकडेही तो-ती-ते आहे. वाक्यात सर्वनामाचं लिंग पुढच्या नामाप्रमाणे बदलताना दिसतं: ‘तत् सत्यम्’, कारण सत्य नपुंसक, ‘स आत्मा’, कारण आत्मा पुल्लिंगी. त्याच चालीने श्वेतकेतूसाठी ‘स त्वम् असि’ यायला हवं होतं, ‘तो तू आहेस’. पण आहे ‘तत्’. म्हणून ब्रेरेटन म्हणतात, हे ‘तत्’ श्वेतकेतूशी जोडायचं नाही. ते ‘त्या रीतीने’, ‘तसा’ या अर्थाचं क्रियाविशेषण आहे. अर्थ होतो: तू असा आहेस, श्वेतकेतो. याच रीतीने तू आहेस.

कसा म्हणजे ‘असा’? इथे त्यांचा दुसरा मुद्दा येतो आणि माझ्या मते तो पहिल्यापेक्षा वजनदार आहे. बारावा खंड उघडा. बाप म्हणतो, वडाचं फळ आण. फोड. काय दिसतं? बारीक दाणे. त्यांतला एक फोड. काय दिसतं? काही नाही. बाप म्हणतो, बाळा, जो ‘अणिमा’ तुला दिसत नाही, त्या अणिम्यातूनच हा एवढा मोठा वड उभा आहे. आणि लगेच: ‘स य एषोऽणिमा’, हा जो अणिमा. इथे ‘हा’ म्हणजे कुठला हे विचारायची गरजच पडत नाही, फोडलेला दाणा हातात आहे. आता मागे आठव्या खंडात या. तिथे भूक, तहान, दोरीचा पक्षी, मरताना वाणी मनात आणि मन प्राणात जाणं, असं सगळं आहे, आणि शेवटी एकदम ‘हा जो अणिमा’. कुठला हा? अणिमा हा शब्द त्याआधी सहाव्या खंडात दही घुसळताना वर येणाऱ्या सूक्ष्म अंशासाठी आलाय, पण तो बराच मागे राहिला. यावरून ब्रेरेटन असा निष्कर्ष काढतात की हे वाक्य मुळात वडाच्या दाखल्याचं होतं. नंतर कुणीतरी सगळे दाखले एका माळेत ओवताना ते प्रत्येकाच्या शेवटी पालुपदासारखं लावलं.

आता नऊकडे परत येऊ. परंपरेत नऊ वेळा येणं हा पुरावा आहे, की हेच सांगायचं होतं. ऐतिहासिक वाचनातही नऊ वेळा येणं हा पुरावाच आहे, पण संपादकाचा हात फिरल्याचा. पुरावा तसूभरही हललेला नाही. हललंय ते त्याच्यामागचं गृहीत. ग्रंथ एका मुखाने बोलतो असं धरलं तर पुनरुक्ती म्हणजे भर. ग्रंथ अनेक हातांतून जमत आला असं धरलं तर पुनरुक्ती म्हणजे जोड. सासरे आणि नातू ज्यावर भांडले ते हेच, फक्त दोघांनाही वाटतं की आपण व्याकरणावर भांडतोय.

दुसरी एक गोष्ट तुम्ही स्वतः पडताळून पाहू शकता. सहाव्या प्रपाठकात, ज्याला पुढे परब्रह्म म्हटलं त्या अर्थाने ‘ब्रह्म’ हा शब्द शोधा. ‘ब्रह्मचर्य’ सापडेल, ‘ब्रह्मबन्धु’ सापडेल. ज्याच्याशी ‘तू’ जोडायचा ते ‘ब्रह्म’ सापडणार नाही. उद्दालक सुरुवातीपासून ‘सत्’ म्हणतो: ‘सदेव सोम्येदमग्र आसीत्’. ऐतिहासिक अभ्यासक इथे थांबतो: या माणसाचा शब्द ‘सत्’ आहे, मी त्याच्या तोंडी ‘ब्रह्म’ घालणार नाही; ते दुसऱ्या आचार्यांच्या, दुसऱ्या प्रकरणांतल्या बोलण्यातून आलंय. परंपरेलाही हे माहीत होतं, नव्हतं असं समजू नका. ब्रह्मसूत्रांतलं पाचवं सूत्र ‘ईक्षतेर्नाशब्दम्’ याच जागेचा वाद घालतं. सांख्य म्हणत होते, हे ‘सत्’ म्हणजे आमचं जड प्रधान. सूत्रकार म्हणतात, नाही, पुढे ‘तदैक्षत’ आहे, त्याने पाहिलं, संकल्प केला. जड वस्तू पाहत नाही, म्हणून हे ब्रह्मच. म्हणजे ‘सत् म्हणजे ब्रह्म’ ही गोष्ट परंपरेने डोळे मिटून घेतलेली नाही, युक्तिवाद करून मिळवली आहे. फक्त तो युक्तिवाद उद्दालकाचा नाही, त्याच्यानंतर पुष्कळ काळाने आलेल्यांचा आहे.

मुलाला एक सांगा, माझं नाव घेऊन सांगितलंत तरी चालेल. ब्रेरेटन यांचा व्याकरणाचा मुद्दा चांगला आहे, पण दार बंद करणारा नाही. ‘तत्’ हे सर्वनाम पुढच्या ‘त्वम्’कडे न पाहता मागच्या ‘सत्’कडे पाहत असेल, आणि सत् नपुंसक आहे, तर ‘ते (सत्) तू आहेस’ हे वाक्य उभं राहतं. शंकराचार्यांना नपुंसकलिंग दिसलं नाही असं म्हणणाऱ्या एमएच्या मुलाने जरा दम घ्यावा. आणि वाक्य आधी फक्त वडाला जोडलेलं होतं, हे अनुमान आहे. तशी वेगळी पोथी कुणाच्या हाती लागलेली नाही. आतल्या खुणांवरून काढलेला निष्कर्ष कितीही चोख असला तरी तो ‘असं असावं’ या पायरीवर राहतो, ‘असं होतं’ या पायरीवर चढत नाही.

घोटाळा होतो तो दोन्ही पद्धती एकाच वाक्यात मिसळल्या की. त्याची खूण सोपी आहे: बोलणारा दुसऱ्या पद्धतीचा निष्कर्ष उचलतो आणि गृहीत मागेच ठेवतो. मी एका चर्चेत ऐकलं होतं, «बघा, आता तर पाश्चात्य पंडितही म्हणतात की ऐक्य नाही, म्हणजे आमचंच खरं.» पण ब्रेरेटन ‘अतत्’ म्हणत नाहीत. ‘तू ते नाहीस’ असंही म्हणत नाहीत. ते म्हणतात, वड जसा न दिसणाऱ्या सूक्ष्मावर उभा आहे, तसाच तू. शिवाय त्यांना आधाराला घ्यायचं, तर नऊ दाखले एका मुखातून आले हे सोडावं लागेल, आणि मध्वांचा सगळा जोर तर नऊ दाखले मिळून एकच गोष्ट सांगतात यावर आहे. उलट बाजूनेही हेच. ‘शंकराचार्यांनी चुकीचं भाषांतर केलं’ हे वाक्य अर्धं इकडचं, अर्धं तिकडचं. ते भाषांतर करत नव्हते. उद्दालकाला त्या दिवशी काय म्हणायचं होतं हा त्यांचा प्रश्नच नव्हता. सगळी श्रुती मिळून काय म्हणते हा होता.

म्हणून ‘खरा अर्थ कोणता’ याला माझं उत्तर प्रश्नागणिक बदलतं, आणि ही पळवाट नाही. इसवी सनापूर्वी सातव्या-सहाव्या शतकाच्या सुमाराला एका बापाने मुलाला काय सांगितलं असावं, हे विचारलंत तर मी तुमच्या मुलाच्या बाजूला झुकेन, मुख्यतः त्या वडाच्या दाण्यामुळे. वेदान्ताच्या शिस्तीत या वाक्याने काय शिकवलं जातं, हे विचारलंत तर ते कुठल्या मठात बसून विचारताय यावर आहे, आणि दोन्हीकडे बाराशे किंवा सातशे वर्षांची चोख कारणं आहेत. आमच्या गोंयात एकाच जातीत, एकाच घरात, एकाच पानावर जेवणारे दोन्हीकडचे असतात, हे या वाक्याच्या वाट्याला आलेलं भाग्यच म्हणायचं. बाकी ठिकाणी ते एकमेकांची भाष्यं न वाचताच भांडतात.

मंडळासाठी दोन-तीन व्यवहाराच्या गोष्टी. हातात जे मराठी भाषांतर असेल त्यात आधी ‘तत्’ कसा लावलाय ते बघा. ‘ते ब्रह्म तू आहेस’ असं छापलं असेल, तर ‘ब्रह्म’ हा शब्द भाषांतरकाराने भाष्यातून आणून ठेवलाय. काही पुस्तकांत तो कंसात असतो, काहींत कंसही नसतो, आणि वाचणाऱ्या बाईला वाटतं उपनिषदातच तसं आहे. ती एक ओळ दाखवूनच सुरुवात करा. मग आठवा खंड वाचू नका, बारावा वाचा. वडाची फळं मिळाली तर न्या. फोडताना आतून एखादी बारीक माशी निघेल, वडाच्या जातीच्या फळांत ती असतेच. बायका ओरडतील, पण दाणा म्हणजे काय ते सगळ्यांना दिसेल. ‘हा जो अणिमा’ हे शब्द त्या क्षणी मोठ्याने वाचा. अर्थ सांगायच्या आधी तीन वेगळ्या घरच्या बायकांना विचारा, ‘तत्’ म्हणजे काय ऐकू आलं? नंतरच तिन्ही वाचनं सांगा, आणि प्रत्येकाच्या आधी त्याचा प्रश्न सांगा.

सासऱ्यांना मंडळात बोलवता येणार नाही, बायकांचं आहे ते. पण घरी त्यांना एवढं विचारा की मध्वाचार्यांनी मिठाचा दाखला कसा लावलाय. ‘अतत्’ खरं का खोटं हे विचारू नका, मिठाचं विचारा. माझा अनुभव आहे, पर्तगाळीच्या म्हाताऱ्यांना दाखला विचारला की ते खुलतात, आणि नातू जवळच कुठेतरी मोबाईल बघत असल्याचं सोंग करत ऐकत असतो.

आणि तेराव्या खंडातला तो प्रयोग करणार असाल तर: रात्री पाण्यात मीठ टाकून ठेवायचं, सकाळी ‘ते मीठ काढून दे’ म्हणायचं, मिळत नाही, मग या काठाने चाख, मधून चाख, त्या काठाने चाख, असा तो आहे. त्यासाठी मीठ दळलेलं पांढरं घ्या. मी एकदा हौसेने आमच्या मिठागरावरचं गावठी मीठ वापरलं. सकाळी तांब्याच्या तळाला काळा गाळ बसला होता, आणि पुढचा तासभर सगळे त्या गाळावरच बोलत राहिले.